मित्राने त्वचेवरच्या चट्ट्याचा फोटो पाठवला, तर काय उत्तर द्यावं

डाव्या हाताच्या कोपराखाली दोन बोटं रुंदीचा फिकट चट्टा. फोटो ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला, थोडा हललेला. खाली मित्राचा मेसेज: "हे काय असेल रे? चार-पाच महिने झाले. खाजत नाही, दुखत नाही. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, ती लावतोय. दुसरी कुठली चांगली क्रीम माहीत आहे का?"

असा फोटो आपल्याला का पाठवला जातो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. आपण घरात एखादा डॉक्टर असलेले, औषधांच्या दुकानात काम केलेले किंवा नुसतेच चार गोष्टी वाचणारे असतो. मित्राला आपल्याकडून निदान हवं असतंच असं नाही. बरेचदा त्याला "काही नाही, बरं होईल" एवढंच ऐकायचं असतं. आणि नेमकं तेच वाक्य आपण लिहायचं नाही. त्याऐवजी काय लिहायचं, कोणत्या क्रमाने लिहायचं आणि त्यामागचं कारण त्याला पटेल असं कसं सांगायचं, ते या एकाच उदाहरणावरून पाहू. फिकट, न दुखणारा, न खाजणारा चट्टा मी मुद्दाम निवडला आहे. लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते अशाच चट्ट्याकडे, आणि फोटो सगळ्यात कमी उपयोगी पडतो तोही इथेच.

आधी तातडीचं काही नाही ना, ते विचारा

पहिलं उत्तर लवकर द्या आणि छोटं द्या. फोटो पाहिल्याची निळी खूण दिसावी आणि दोन तास काहीच उत्तर येऊ नये, यासारखी घालमेल नाही. तेवढ्या वेळात माणूस इंटरनेटवर भयंकर फोटो शोधून बसतो.

> "बघितला फोटो. बरं केलंस पाठवलास ते. आधी एवढं सांग: ताप आहे का? चट्टा गरम, सुजलेला किंवा झपाट्याने पसरणारा वाटतो का? डोळ्याजवळ किंवा तोंडात काही आलंय का? नवीन गोळी सुरू केली होतीस का?"

हे प्रश्न निदानासाठी नाहीत. आजच दवाखाना गाठायचा की या आठवड्यात गेलं तरी चालेल, एवढंच त्यातून ठरवायचं आहे. पाय लाल, गरम, सुजलेला आणि सोबत थंडीताप असेल, एखादं औषध सुरू केल्यावर अंगावर फोड येऊन तोंड-डोळे सोलवटले असतील, अंगावर पित्त उठून श्वास लागत असेल किंवा ओठ सुजले असतील, तर गप्पा थांबवून "लगेच दवाखान्यात जा, मी येतोय" एवढंच लिहायचं. डोळ्याच्या आसपास नागीण उठली असेल तरी त्याच दिवशी दाखवायला हवं, कारण दृष्टीचा प्रश्न असतो.

आपल्या मित्राची सगळी उत्तरं "नाही" अशी आली, असं धरू. ताप नाही, सूज नाही, नवीन औषध नाही. म्हणजे आज रात्री धावपळ करायची गरज नाही. हे त्याला स्पष्ट सांगा, त्याचा जीव भांड्यात पडेल. पण "आज घाई नाही" आणि "काही नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच मेसेजमध्ये यायला हवं.

फोटोत काय येत नाही, ते सांगा

"डॉक्टरला दाखव" हा सल्ला मित्राने आधीच शंभरदा ऐकलेला असतो. तो कोरडा वाटतो, कधी कधी अंग झटकल्यासारखाही वाटतो. कारण दिलं तर मात्र तो ऐकतो. आणि या चट्ट्याच्या बाबतीत कारण अगदी ठोस आहे.

हातावर फिकट चट्टा पडण्याची कारणं बरीच आहेत. शिबं असतील तर तो बुरशीचा साधा प्रकार. त्यावर बारीक कोंड्यासारखे पापुद्रे असतात आणि नखाने हलकेच खरवडलं की ते नीट दिसतात. कोड असेल तर रंग फिकट होऊन थांबत नाही, तो दुधासारखा पांढरा होतो. आधी तिथे भाजलेलं, खरचटलेलं किंवा इसब झालेलं असेल, तर जखम भरल्यावरही काही महिने त्वचा फिकी राहते. जोरदार स्टिरॉइडची क्रीम बरेच दिवस लावली तर तिच्यानेही त्वचा उजळते. आणि कुष्ठरोगाची सुरुवातही अशीच होऊ शकते: फिकट किंवा किंचित तांबूस, न खाजणारा, न दुखणारा चट्टा, आणि त्या जागी कमी झालेली संवेदना.

ही संवेदना कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, कापसाच्या टोकाने, नायलॉनच्या बारीक तारेने किंवा पेनाच्या टोकाने चट्ट्यावर आणि चट्ट्याबाहेर हलका स्पर्श करतात आणि "कुठे लागलं, बोटाने दाखवा" असं विचारतात. मग कोपराच्या मागच्या खोबणीतून जाणारी नस चाचपून ती जाड किंवा दुखरी झाली आहे का ते पाहतात. करंगळीत ताकद किती आहे हे तपासतात. पाठ, मांड्या, कानाच्या पाळ्या उजेडात बघतात, कारण स्वतःच्या पाठीवरचा चट्टा माणसाला दिसत नसतो. शंका बुरशीची असेल तर त्वचा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यातलं एकही काम फोटोवरून होत नाही.

शिवाय फोटोतला रंगही भरवशाचा नसतो. फोन आपल्या मर्जीने उजेड आणि रंग बदलतो, त्यात व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं. सावळ्या त्वचेवर लाली लाल न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसते. पिवळ्या बल्बखाली काढलेला आणि सकाळी खिडकीपाशी काढलेला, असे एकाच चट्ट्याचे दोन फोटो दोन वेगळ्या आजारांचे वाटू शकतात.

म्हणून दुसरा मेसेज साधारण असा असावा:

> "फोटोवरून मी काही सांगितलं तर तो अंदाजच असेल, आणि तुझ्या बाबतीत मला अंदाज नको आहे. असे फिकट चट्टे बऱ्याच कारणांनी येतात, त्यातली बरीचशी साधी असतात. पण कोणतं कारण आहे हे हात लावून बघावं लागतं. तिथली त्वचा बधिर झाली आहे का, कोपरापाशी नस जाड लागते का, हे फोटोत दिसत नाही. पाच मिनिटांची तपासणी आहे. दुखत नाही म्हणून बरं आहे असं मात्र समजू नकोस, काही चट्टे दुखत नाहीत म्हणूनच दाखवायचे असतात."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे दुखणं ही आजाराची खूण मानतात. दुखत नाही तोवर माणूस कामावर जातो. इथे न दुखणं हीच खूण असू शकते, आणि ही गोष्ट त्याला कोणीतरी आपलं माणूस म्हणून सांगायला हवी.

आजाराचं नाव घ्यायचं का? माझं मत असं की पहिल्या मेसेजमध्ये घेऊ नये. आपल्याला निदान माहीत नसतं, आणि कुष्ठरोग हा शब्द रात्री फोनवर वाचून माणूस झोपणार नाही. कदाचित लाजेने दवाखान्यातच जाणार नाही. पण त्याने थेट विचारलं, "म्हणजे कुष्ठरोग असेल का?", तर खोटं बोलायचं नाही. "असण्याची शक्यता तपासून बघावी लागते, म्हणूनच जा म्हणतोय. आणि तो असलाच तरी गोळ्यांनी पूर्ण बरा होतो" असं सरळ सांगायचं.

घरी तपासून बघायला लावू नका

बधिरपणाचं ऐकलं की मित्र लगेच पिन टोचून बघतो. काही जण गरम पाण्याचा ग्लास किंवा उदबत्ती टेकवून बघतात. हे करू नकोस, असं आधीच लिहा. संवेदना खरोखर कमी असेल तर भाजल्याचं कळत नाही आणि जखम होते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. घरच्या तपासणीत "मला सगळं जाणवतंय" असं उत्तर आलं की माणूस निश्चिंत होतो. पण स्वतःला टोचताना डोळे उघडे असतात, आपण कुठे टोचतोय हे मेंदूला आधीच माहीत असतं. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना बऱ्यापैकी शाबूत राहते. आणि या आजाराच्या एका प्रकारात अंगभर पुष्कळ पुसट चट्टे असूनही ते बधिर नसतात. तेव्हा "जाणवतंय" या उत्तराने काहीच सिद्ध होत नाही.

ट्यूबचं काय करायचं

आता त्या ट्यूबकडे वळू. तिच्यावरची नावं वाचायला सांगा, जमलं तर तिचा फोटो मागवा. चट्ट्यापेक्षा ट्यूबच्या फोटोतून आपल्यालाही जास्त कळतं. आपल्याकडे दुकानातून हातोहात मिळणाऱ्या कित्येक क्रीममध्ये जोरदार स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावं दिसली तर ते स्टिरॉइड. डॉक्टरने नेमक्या आजारासाठी, नेमक्या दिवसांसाठी दिलं तर ते चांगलं औषध आहे. अंदाजाने लावलं तर ते आजार झाकतं.

गजकर्णात हे अगदी स्पष्ट दिसतं. क्रीम लावली की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र वाढत राहते, कारण तिच्याशी लढणारी शरीराची प्रतिक्रियाच स्टिरॉइडने दाबलेली असते. क्रीम थांबवली की गजकर्ण दुप्पट पसरतं, त्याची ओळखीची गोल कड पुसली जाते आणि डॉक्टरलाही ते ओळखायला वेळ लागतो. जांघेत महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होऊन कायमच्या रेषा पडतात. आपल्या मित्राच्या फिकट चट्ट्यावर या क्रीमने आणखी एक घोळ होतो: रंग आजाराने गेला की क्रीमने, हेच कळेनासं होतं.

त्याला रागावू नका. मेडिकलवाल्याने विश्वासाने दिलं, त्याने विश्वासाने लावलं. "आता दाखवेपर्यंत काही लावू नकोस, ट्यूब फेकू नकोस, सोबत घेऊन जा" एवढंच लिहा. याला एक अपवाद आहे. मोठ्या भागावर किंवा बरेच महिने स्टिरॉइड लावत असेल, किंवा कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर एकदम बंद करायला सांगू नका, त्याबद्दल डॉक्टरलाच लवकर विचारू द्या. हळद, लिंबू, लसूण, चुना हेही नको. लसणाने आणि चुन्याने त्वचा भाजते आणि मग खालचं काहीच दिसत नाही.

कुठे, कोणाकडे, काय घेऊन

"डॉक्टरकडे जा" हे अर्धंच उत्तर झालं. कुठे जायचं हे ठरलं नाही तर तो महिनाभर जाणार नाही. शहरात असेल तर त्वचारोगतज्ज्ञ, किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली त्वचारोगाची ओपीडी. तालुक्याच्या गावी असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. गावात असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथवर पोचायला गावातली आशाताई मदत करते. फिकट बधिर चट्टा हा तिच्या रोजच्या कामातला विषय आहे, घरोघरच्या तपासणीत ती हेच विचारते. दवाखाना लांब असेल तर सरकारच्या ई-संजीवनीवरून आधी बोलता येतं. पण या चट्ट्यासाठी तिथला डॉक्टरही बहुधा "प्रत्यक्ष दाखवा" असंच म्हणेल.

जाताना चट्टा पहिल्यांदा कधी दिसला, वाढला का, आतापर्यंत काय काय लावलं, मधुमेह किंवा दुसरा आजार, घरात कोणाला असं काही आहे का, हे कागदावर लिहून न्यायला सांगा. त्या दिवशी चट्ट्यावर तेल, पावडर, मलम काही लावू नये. सैल कपडे घालावेत, कारण पाठ-पोटही बघायला लागेल. आणि एक प्रश्न त्याने स्वतःहून विचारावा: "इथे संवेदना तपासाल का?" गर्दीच्या ओपीडीत लांबूनच बघून चिठ्ठी लिहिली जाण्याची शक्यता असते. या एका वाक्याने डॉक्टरचा हात चट्ट्यापर्यंत जातो.

तो टाळाटाळ करेल तेव्हा

"सीझन संपू दे, मग जातो." हे उत्तर हमखास येतं. इथे घाबरवण्यापेक्षा मुदत सांगितलेली बरी. कुष्ठरोगाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात, लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात. म्हणून चार दिवसांनी फरक पडत नाही, पण महिने जाऊ दिले तर पडतो. नसेला नवी इजा झाली असेल आणि साधारण सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले, तर गेलेली ताकद आणि संवेदना परत येण्याची चांगली शक्यता असते. जुनी झालेली इजा बहुधा राहून जाते. हाताची वाकडी बोटं, पायाच्या न भरणाऱ्या जखमा ही चट्ट्याची देणगी नव्हे, ती उशिराची आहे. मित्राचे चार-पाच महिने आधीच गेले आहेत. म्हणून "या शनिवारी" असं लिहा, "लवकर जा" असं लिहू नका.

"कोणाला कळलं तर?" ही भीती तो कदाचित बोलून दाखवणार नाही, पण ती असते. तिला हसू नका. आजाराच्या नावाने माणसं घराबाहेर काढल्याचं आपल्या समाजाने पाहिलं आहे. पतीला किंवा पत्नीला कुष्ठरोग आहे या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद कायद्यातून निघाली ती 2019 साली, इतक्या अलीकडे. त्याला एवढं सांगा की त्वचेच्या ओपीडीत पिंपल्सपासून केस गळण्यापर्यंत सगळ्यासाठी माणसं बसलेली असतात, तो कशासाठी आला हे कोणाला कळत नाही. आणि हे बोलायचं तर मेसेज पुरत नाही, फोन करा.

त्याचा फोटो दुसऱ्या कोणालाही पाठवू नका. "आमच्या ग्रुपमध्ये एक डॉक्टर आहे, टाकून बघतो" हे त्याला न विचारता करायचं नाही. फोटो तुमच्या फोनच्या गॅलरीत आपोआप साठला असेल तर तिथून काढा आणि तसं त्याला कळवा.

> "शनिवारी सकाळी नऊला येतो, गाडी माझी. केसपेपर काढायला मी उभा राहतो. फोटो मी माझ्या फोनमधून काढून टाकला आहे, कोणाला दाखवलेला नाही."

दाखवून आल्यावर

बऱ्याच वेळा तो हसत बाहेर येईल: शिबं निघाली, महिनाभराचं औषध दिलं. बुरशी गेल्यावरही रंग परत यायला काही महिने लागतात, तेवढं त्याला सांगून ठेवा, नाहीतर तो औषध लागू पडलं नाही म्हणून पुन्हा दुकानात जाईल. कोड निघालं तर ते संसर्गजन्य नाही, आणि नव्या चट्ट्यावर उपचार लवकर सुरू केलेले चांगले.

कुष्ठरोग निघाला तर त्या दिवशी त्याच्यासोबत राहा. त्याला तीन गोष्टी ऐकायची गरज असते. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. चट्टे थोडे असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर बारा महिने असा गोळ्यांचा कोर्स असतो. आणि उपचार सुरू झाले की तो लवकरच दुसऱ्याला लागण करू शकत नाही, त्यामुळे वेगळं ताट, वेगळं अंथरूण असलं काहीही नको. हा आजार हात मिळवल्याने, सोबत जेवल्याने पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासातच तो लागू शकतो. म्हणून बायकोमुलांची आणि घरातल्या इतरांची तपासणी मात्र करून घ्यायला हवी. त्यांना प्रतिबंधक औषधाचा एक डोसही देतात, त्याबद्दल तिथेच विचारा.

त्यानंतरच्या महिन्यांत तुमचे मेसेज खरे उपयोगी पडतात, कारण गोळ्या मधेच सोडण्याची कारणं तेव्हाच येतात. दर महिन्याचा पहिला डोस घेतला की लघवी लालसर होते, ती रिफाम्पिसिनमुळे, रक्त नव्हे. क्लोफाझिमिनने काही आठवड्यांत त्वचा काळवंडते, कोर्स संपल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. मात्र पहिल्या काही आठवड्यांत अंगभर पुरळ आणि ताप आला, किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात. याउलट, जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपरापाशी नस दुखू लागली, हातातून वस्तू निसटू लागली, तर ती बहुधा आजाराची प्रतिक्रिया असते. तेव्हाही त्याच दिवशी जायचं, पण गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. हा फरक त्याला नीट लिहून पाठवा आणि दर महिन्याच्या पाकिटाच्या तारखेला एक साधा मेसेज टाका: "पाकीट आणलंस का? हातात ताकद कशी आहे?"